जुने पुस्तक घेताना आधी पॅटर्न बघा

लेण्याद्रीच्या पायथ्याला गोळेगाव आहे. तिथल्या एका घरात बहीण-भाऊ दोघेही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहेत असे धरू. बहिणीने २०२३ मध्ये पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, भावाने २०२४ मध्ये. अंतर एकाच वर्षाचे. २०२५ च्या जुलैत बहीण तिसऱ्या वर्षाला गेली आणि भाऊ दुसऱ्या. घरात सगळ्यांनी गृहीत धरले, की ताईची दुसऱ्या वर्षाची पुस्तके धाकट्याला होतील. पुस्तके नीट होती, कव्हर घातलेली होती, पण धाकट्याला त्यातली बरीचशी लागू पडणार नव्हती. आणि गंमत अशी, की त्याच घरातल्या चुलत भावाने २०२५ मध्ये पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असेल, तर त्याला धाकट्याची पहिल्या वर्षाची पुस्तके बिनधास्त घेता येतील.

याचे कारण पुस्तकात नाही, विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम २०१५ मध्ये बदलला, मग २०१९ मध्ये, आणि नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने २०२४ मध्ये. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हे ‘दोन हजार पंधरा पॅटर्न’, ‘एकोणीस पॅटर्न’, ‘चोवीस पॅटर्न’ असे येते. पॅटर्न बदलतो तेव्हा चारही वर्षे एकदम बदलत नाहीत. पहिल्या साली फक्त पहिले वर्ष बदलते, दुसऱ्या साली दुसरे, असा बदल दरसाल एकेक इयत्ता वर चढतो. चोवीसचा पॅटर्न २०२४ च्या जुलैत पहिल्या वर्षाला लागला, २०२५ मध्ये दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे २०२४ ला प्रवेश घेतलेली बॅच प्रत्येक इयत्तेत नव्या अभ्यासक्रमाची पहिली बॅच ठरते. तिच्या पुढे त्या अभ्यासक्रमाचा सीनियर कोणी नसतो, म्हणून तिला सेकंडहँड पुस्तकही नसते. तिच्या मागच्या बॅचला मात्र सगळे तयार मिळते.

हे केवळ इंजिनिअरिंगपुरते नाही. संलग्न महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नवे धोरण २०२४-२५ पासूनच लागू झाले, म्हणजे तिथेही हीच बॅच अडकलेली आहे. जुन्नरचे श्री शिव छत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे, मंचरचे अण्णासाहेब आवटे, कुरणचे जयहिंद इंजिनिअरिंग, बेल्ह्याचे समर्थ संकुल ही सगळी याच विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. जुन्नर-आंबेगावातल्या मुलाने जुने पुस्तक विकत घेण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो एवढाच: मी कोणत्या साली प्रवेश घेतला आणि माझ्या इयत्तेला सध्या कोणता पॅटर्न आहे? डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी इथे विशेष जपायला हवे. २०२४ मध्ये थेट दुसऱ्या वर्षात आलेला मुलगा एकोणीस पॅटर्नचा आहे, २०२५ मध्ये आलेला चोवीसचा. ज्यांचे मध्ये वर्ष गेले आहे त्यांनी तर पुस्तकाच्या दुकानाआधी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जावे आणि आपली पुढची परीक्षा कोणत्या पॅटर्नने होणार हे विचारून घ्यावे, कारण पॅटर्नच्या सीमेवर वर्ष गेले की उत्तर प्रत्येकाचे वेगळे येऊ शकते.

आता दुकानाकडे वळू. आपल्या भागातली मुले जुन्या पुस्तकांसाठी अजूनही पुण्याला अप्पा बळवंत चौकात जातात. सगळे त्याला एबीसी म्हणतात. सकाळची एसटी पकडून नव्वदएक किलोमीटर जायचे, दुपारपर्यंत फिरायचे, संध्याकाळी परत यायचे. तिथला मुरलेला दुकानदार पुस्तकाचे नाव ऐकून हात पुढे करत नाही, आधी विचारतो.

“दादा, डीबीएमएस आहे का?”

“इयर कुठलं? पॅटर्न कुठला? लोकल ऑथर पाहिजे का रेफरन्स?”

या तीन प्रश्नांत सगळा व्यवहार आला आहे. मुलाला उत्तर देता आले नाही, तर समोर जे असेल ते हातात पडते. दुकानदाराचा त्यात दोष नाही. त्याच्याकडे तिन्ही पॅटर्नचे ढीग शेजारी शेजारी असतात आणि मुखपृष्ठे दिसायलाही सारखीच असतात.

लोकल ऑथर आणि रेफरन्स हा फरक आधी समजून घेऊ, कारण जुन्या आवृत्तीचा हिशेब या दोन्हींत उलटा आहे. लोकल ऑथर म्हणजे निराली, टेक्निकल, टेकनॉलेज अशा पुण्याच्या प्रकाशनांची पुस्तके. ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर युनिटवार बेतलेली असतात, मागच्या परीक्षांचे प्रश्न त्यांत उत्तरासहित असतात आणि मुखपृष्ठावरच विद्यापीठ, पॅटर्नचे साल, शाखा, सेमिस्टर आणि विषयाचा कोड छापलेला असतो. अशा पुस्तकाची आवृत्ती पाहण्याची फारशी गरज नाही, पॅटर्न पाहावा. एकोणीस पॅटर्नच्याच दोन आवृत्त्यांत फरक बहुधा वाढवलेल्या प्रश्नपत्रिकांचा आणि दुरुस्त केलेल्या चुकांचा असतो. तो एका झेरॉक्सने भरून निघतो. पॅटर्न चुकला तर मात्र पुस्तक कितीही नवे असो, ते उपयोगाचे नाही.

विषयाच्या कोडवर विसंबणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. पंधरा आणि एकोणीस पॅटर्नमध्ये कोड सहा आकडी असतो आणि मुलांना तो पाठ असतो, म्हणून कोड जुळला की पुस्तक जुळले असे वाटते. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला ३१०२४१ हा कोड पंधरा पॅटर्नमध्ये ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’चा होता. एकोणीस पॅटर्नमध्ये तोच ३१०२४१ ‘डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम्स’ला गेला आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन ३१०२४२ वर आली. म्हणजे दोन्ही विषय तेच राहिले, कोडांची अदलाबदल झाली. विषय सेमिस्टरही बदलतात. कॉम्प्युटर ग्राफिक्स पंधरा पॅटर्नमध्ये चौथ्या सेमिस्टरला होता, एकोणीसमध्ये तिसऱ्याला आला. म्हणून नुसता कोड नाही, नुसते नाव नाही, नुसते सेमिस्टर नाही. पॅटर्नचे साल आणि कोड असे दोन्ही एकत्र जुळले पाहिजेत. मुखपृष्ठ फाटलेले किंवा कव्हर चिकटवलेले असेल, तर हीच माहिती आतल्या पहिल्या पानावर आणि बऱ्याचदा प्रस्तावनेनंतर छापलेल्या अभ्यासक्रमाच्या पानावर सापडते. तो अभ्यासक्रमाचा छापील मजकूर फार कामाचा असतो. मोबाईलवरच्या आपल्या अभ्यासक्रमाशी तो युनिटवार ताडून पाहिला की निकाल लागतो.

रेफरन्स बुकचे गणित वेगळे. ही पुस्तके कोणत्याही एका विद्यापीठासाठी लिहिलेली नसतात, त्यामुळे त्यांना पॅटर्न नसतो, आवृत्ती असते. इथे जुनी आवृत्ती चालेल की नाही हे पुस्तकाच्या नावावरून सांगता येत नाही. ती विषयाच्या कोणत्या भागासाठी हवी आहे यावर ते ठरते. वर म्हटलेल्या बहिणीचे उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. तिला २०२५ च्या जुलैत एकोणीस पॅटर्नच्या डीबीएमएससाठी सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ घ्यायचे आहे. मुले त्याला ‘कोर्थ’ म्हणतात. या पुस्तकाची सहावी आवृत्ती २०१० मध्ये आली आणि सातवी २०१९ मध्ये. चौकात सहावीचे ढीग आहेत, सातवी क्वचित दिसते आणि महाग आहे. सहावी घ्यावी का?

आधी अभ्यासक्रम. एकोणीस पॅटर्नमध्ये या विषयाची सहा युनिट्स आहेत. पहिल्यात डेटाबेसची ओळख आणि ई-आर मॉडेल, दुसऱ्यात एसक्यूएल, तिसऱ्यात रिलेशनल डेटाबेसची रचना म्हणजे नॉर्मलायझेशन, चौथ्यात ट्रान्झॅक्शन, पाचव्यात नोएसक्यूएल आणि सहाव्यात जेसन, एक्सएमएल यांसारखा अर्धरचित डेटा व नव्या प्रकारचे डेटाबेस. आता सहाव्या आवृत्तीची अनुक्रमणिका शेजारी ठेवा. ई-आर मॉडेल सातव्या प्रकरणात, एसक्यूएल तिसऱ्या ते पाचव्या प्रकरणात, नॉर्मलायझेशन आठव्यात, ट्रान्झॅक्शन, काँकरन्सी आणि रिकव्हरी चौदा ते सोळा या प्रकरणांत. सातव्या आवृत्तीत हेच विषय आहेत, फक्त प्रकरणांचे क्रमांक सरकले आहेत. ई-आर सहावर, नॉर्मलायझेशन सातवर, ट्रान्झॅक्शनचा गट सतरा ते एकोणीसवर गेला आहे. म्हणजे पहिल्या चार युनिटांसाठी जुनी आवृत्ती पूर्ण पुरते. सरांनी वर्गात “कोर्थचं सातवं चॅप्टर वाचा” म्हटले तर तिने क्रमांक न बघता प्रकरणाचे नाव विचारायचे, एवढीच काळजी.

अडचण पाचव्या आणि सहाव्या युनिटला येते. २०१० मध्ये मोंगोडीबी नवीनच होता, त्यामुळे सहाव्या आवृत्तीत नोएसक्यूएलला स्वतंत्र जागा नाही. एक्सएमएलवर त्यात अख्खे प्रकरण आहे, पण जेसनची तशी मांडणी नाही. सातव्या आवृत्तीत मात्र बिग डेटावर प्रकरण आहे आणि जेसनसह गुंतागुंतीच्या डेटा प्रकारांवरही आहे. आता गुण पाहा. एकोणीस पॅटर्नमध्ये इनसेम ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटांवर. एंडसेम ७० गुणांची, उरलेल्या चार युनिटांवर, आणि चार युनिटांना गुण जवळजवळ सारखे वाटलेले. त्यामुळे पाचव्या-सहाव्या युनिटावर मिळून ३५ गुण येतात. सहावी आवृत्ती घेतली तर शंभरातल्या ६५ गुणांसाठी तिच्याकडे चांगले पुस्तक आहे आणि ३५ गुणांसाठी दुसरी सोय करायची आहे. ती सोय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या सातव्या आवृत्तीतून किंवा एकोणीस पॅटर्नच्या लोकल ऑथरमधून होऊ शकते. हे कळल्यावर तिने सहावी घेतली तर तो शहाणपणाचा व्यवहार आहे. न कळता घेतली तर एंडसेमच्या आदल्या आठवड्यात कळेल.

आणि पाचवी आवृत्ती मिळाली तर? चौकात तीही असते, आणखी स्वस्त. इथे एक फरक डोळ्यांना लगेच दिसतो. पाचव्या आवृत्तीतल्या ई-आर आकृत्यांत प्रत्येक गुणधर्म लंबगोलात लिहून रेघेने चौकोनाला जोडलेला आहे. सहाव्या आवृत्तीत तीच माहिती चौकोनाच्या आत यादीसारखी येते, लंबगोल गेले. उदाहरणेही बदलली, आधी पुस्तकभर बँकेचे उदाहरण होते, सहाव्यापासून विद्यापीठाचे आले. एक पद्धत घरी शिकायची आणि वर्गात दुसरी चाललेली, असे झाले की नवशिक्याचा गोंधळ होतो. म्हणून पाचवीपेक्षा सहावीला थोडे जास्त पैसे द्यावेत, असे माझे मत आहे. दोन आवृत्त्या हातात आल्या की आकृत्या आणि चालत आलेले उदाहरण या दोन गोष्टी चाळून बघाव्यात. मजकुरापेक्षा त्या लवकर सांगतात की लेखकांनी पुस्तकाची नुसती डागडुजी केली आहे की ते नव्याने बांधले आहे.

आवृत्ती ओळखण्यात अनेकांची फसगत होते ती पुनर्मुद्रणामुळे. शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरात जे पान असते ते वाचायची सवय लावावी. तिथे ‘सहावी आवृत्ती’ आणि खाली ‘पुनर्मुद्रण २०१८’ असे असेल तर पुस्तक २०१८ चे नाही, २०१० चेच आहे. फक्त कागद २०१८ चा आहे. विकणारा म्हणतो “अठराची आहे, लेटेस्ट”, आणि आपण साल बघून मान डोलावतो. याची खात्री करायची असेल तर आयएसबीएन बघा. नव्या आवृत्तीला नवा आयएसबीएन मिळतो, पुनर्मुद्रणाला मिळत नाही. दोन प्रतींचे आकडे तंतोतंत तेच असतील तर आतला मजकूरही तोच, साल काहीही असो. जुन्या प्रतींवर हा आकडा दहा अंकी असतो. २००७ च्या जानेवारीपासून तो तेरा अंकी झाला आणि ९७८ ने सुरू होऊ लागला. त्यामुळे नुसता दहा अंकी आयएसबीएन दिसला तर ते पुस्तक बहुधा २००७ आधीचे आहे असे समजावे. परदेशी लेखकांच्या पुस्तकांत आणखी एक खाच आहे. मूळ आवृत्ती, भारतीय उपखंडासाठीची स्वस्त आवृत्ती आणि एखाद्या भारतीय लेखकाने रूपांतरित केलेली आवृत्ती अशा तीन तऱ्हा एकाच नावाने फिरतात. त्यांचा आवृत्ती क्रमांक तोच असला तरी प्रकरणांच्या शेवटचे स्वाध्याय वेगळे असू शकतात. सर स्वाध्यायाचे क्रमांक देऊन गृहपाठ देत असतील, तर सीनियरच्या वहीतला एखादा गृहपाठ सोबत नेऊन त्या क्रमांकाचे गणित या प्रतीत तेच आहे का हे पाहणे दोन मिनिटांचे काम आहे.

विषयानुसार जुन्या आवृत्तीची सुरक्षितता फार बदलते, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गणितात जुनी आवृत्ती जवळजवळ नेहमी चालते. बी. एस. ग्रेवाल यांच्या ‘हायर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’च्या चाळीसहून अधिक आवृत्त्या झाल्या आहेत, पण लाप्लास ट्रान्सफॉर्म तेव्हाही तेच होते आणि आताही तेच आहे. दहा वर्षे जुनी प्रत मिळाली तर खुशाल घ्यावी, फक्त युनिटातले सगळे विषय आत आहेत का ते पाहावे. मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वे यांचेही तसेच. सिव्हिलच्या मुलांनी मात्र डिझाइनच्या पुस्तकाला हात लावण्याआधी त्यात कोणता आयएस कोड वापरला आहे हे बघावे. पोलादी बांधकामाचा आयएस ८०० हा कोड १९८४ चा होता तेव्हा डिझाइन वर्किंग स्ट्रेस पद्धतीने होई. २००७ मध्ये तो बदलून लिमिट स्टेट पद्धत आली. १९८४ च्या कोडवर लिहिलेले पुस्तक विषयाच्या नावाने बरोबर आहे, पण त्यातले जवळजवळ प्रत्येक उदाहरण आता वेगळ्या रीतीने सोडवायचे आहे. अशा पुस्तकात प्रस्तावनेतच कोडचे साल लिहिलेले असते. ते नसेल तर पहिले सोडवलेले उदाहरण उघडावे आणि परवानगी असलेला ताण काढून त्यावरून छेद ठरवला आहे का ते पाहावे. तसे असेल तर पुस्तक ठेवून द्यावे.

कायद्याचे पुस्तक तर आवृत्तीने नव्हे, तारखेने घ्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. दंड संहितेत ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. लॉला गेलेल्या मुलीने २०२२ ची दंड संहितेवरची टीका स्वस्तात घेतली, तर तिला प्रत्येक कलम दोनदा शिकावे लागेल. वकिली करणाऱ्याला ते पुस्तक अजूनही लागते, कारण त्या तारखेआधी घडलेले गुन्हे जुन्याच कायद्याने चालतात. पण वकिलाची गरज आणि परीक्षेची गरज एक नव्हे.

कॉमर्सच्या मुलांना हाच धोका करांच्या विषयात आहे आणि तो अधिक फसवा आहे, कारण पुस्तक दिसायला ताजे असते. आयकराचे दर, वजावटी, सवलती दरवर्षीच्या वित्त अधिनियमाने बदलतात, म्हणून या पुस्तकांवर मोठ्या अक्षरात कर निर्धारण वर्ष छापलेले असते. अभ्यासक्रमात किंवा महाविद्यालयाच्या सूचनेत कोणत्या वर्षाच्या तरतुदी लागू आहेत हे सांगितलेले असते. पुस्तकावरचे वर्ष त्याच्याशी जुळले पाहिजे. त्यात आता मोठा बदल झाला आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले आहे. आयकराचे जुने पुस्तक, अगदी एका वर्षापूर्वीचेही, शिक्षकांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जमाखर्च आणि कॉस्ट अकाउंटिंगमध्ये एवढी घाई नाही, तिथे जुने पुस्तक बरेच दिवस टिकते.

आता पैशाचा हिशेब करू. समजा, लोकल ऑथरची छापील किंमत ४०० रुपये आहे. नव्यावरही एबीसीत सूट मिळते, ती जाऊन ३३० ला पडले. तेच जुने २०० ला मिळते आहे. फरक १३० रुपयांचा. एकाच पुस्तकासाठी जुन्नरहून पुण्याला जाऊन यायचे असेल तर हा फरक एसटीच्या तिकिटातच जाईल, वर एक दिवस बुडेल. म्हणून अख्ख्या सेमिस्टरची यादी एकदम करून, चार-पाच जणांची मिळून एकाने जावे. जाताना प्रत्येकाच्या विषयाचे पॅटर्न, कोड आणि युनिटांची नावे कागदावर लिहून न्यावीत, अभ्यासक्रमाची पीडीएफ मोबाईलवर आधीच उतरवून ठेवावी.

या हिशेबात एक गोष्ट मुले धरत नाहीत, ती म्हणजे पुस्तक परत विकता येईल का. बहीण एकोणीस पॅटर्नच्या शेवटच्या बॅचमध्ये आहे. तिच्यामागे येणारी भावाची बॅच चोवीसची. तिने २०२५ मध्ये घेतलेले तिसऱ्या वर्षाचे पुस्तक २०२६ च्या जुलैत कोणाला लागणार? फक्त बॅकलॉग राहिलेल्यांना. त्यांची परीक्षा जुन्याच पॅटर्नने काही काळ होत राहते, म्हणून त्यांच्यासाठी जुने पुस्तक हेच बरोबर पुस्तक असते, पण ती मुले थोडी. तेव्हा शेवटच्या बॅचने नवे पुस्तक घेण्यात अर्थ नाही, आणि जुने घेताना घासाघीस मनापासून करावी, कारण हा ढीग वर्षभरात पडून राहणार हे दुकानदारालाही ठाऊक असते. उलट भाऊ नव्या पॅटर्नच्या पहिल्या बॅचमध्ये आहे. त्याने दुसऱ्या वर्षाची नवी पुस्तके पूर्ण किमतीला घेतली तरी मागून येणाऱ्या दोन-तीन बॅचना ती लागणार आहेत, म्हणजे त्यातले निम्मे पैसे परत येण्यासारखे आहेत. त्याने पुस्तकावर पेनाने न लिहिणे यातच त्याचा फायदा आहे.

पैसे देण्याआधी प्रत हातात घेऊन करायच्या तपासणीत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. पुस्तक मधून उघडू नका, शेवटचे युनिट उघडा. परीक्षेच्या आधी झेरॉक्सला दिलेले पुस्तक शेवटच्या युनिटात उसवते, पाने तिथलीच गळतात, आणि मागे जोडलेली कोष्टके, सांख्यिकीचे तक्ते, स्टीम टेबल कोणीतरी फाडून नेलेली असतात. पानांचे क्रमांक सलग आहेत का ते तिथे पाहावे. फूटपाथवर नव्याकोऱ्या दिसणाऱ्या पण फार स्वस्त प्रतीत आकृत्या करड्या आणि धूसर असतील, सूत्रांमधले बारीक घातांक भरून गेले असतील, समास एका बाजूला कलला असेल तर ती चोरून छापलेली प्रत आहे. घातांक वाचता येत नसलेले गणिताचे पुस्तक फुकटही महाग आहे.

या सगळ्याआधी एक फेरी ग्रंथालयात मारावी. अनेक महाविद्यालयांत पुस्तकपेढी असते आणि तिच्यातून सेमिस्टरभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी काही अभ्यासक्रमांना शासनाचीही पुस्तकपेढी योजना आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातून, डोंगरकपारीतल्या आदिवासी गावांतून येणाऱ्या मुलांना याची माहिती सांगणारे घरात कोणी नसते, म्हणून ग्रंथपालांनी ती प्रवेशाच्या दिवशीच सांगावी. पेढीतल्या पुस्तकांनाही वरचीच तपासणी लावावी लागते, कारण पॅटर्न बदलला की पेढीचा संच एकदम बदलला जात नाही.

आणि ज्यांची परीक्षा संपली आहे त्यांच्यासाठी एक विनंती. पुस्तक रद्दीत किंवा चौकात देण्याआधी आतल्या पहिल्या पानावर पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: पॅटर्नचे साल, इयत्ता आणि सेमिस्टर, विषयाचा कोड, आणि कोणते युनिट या पुस्तकात नाही. मग आपल्याच महाविद्यालयाच्या फलकावर तशी चिठ्ठी लावा. गोळेगाव, कुरण, ओतूर, घोडेगावच्या मुलाला बरोबर पुस्तक आपल्याच तालुक्यात मिळाले, तर त्याची पुण्याची फेरी वाचेल आणि तुमचे पुस्तकही चौकातल्यापेक्षा चांगल्या भावाने जाईल.